लॉ कमिशन, संसदीय समिती आणि श्वेतपत्रिका: ॲडमिन लॉच्या निबंधात फुटनोट नेमकी कशी द्यायची

मी ठाण्यात राहते, आणि सबमिशनचे दिवस आले की आसपासची एलएलबीची मुलं निबंध घेऊन येतात, एकदा नजर टाका म्हणून. केसचं सायटेशन बहुतेकांना जमतं. चुकतं ते रिपोर्टचं. गेल्या महिन्यात तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून एकीचा ट्रायब्युनल्सवरचा निबंध वाचला, तर त्यात ही फुटनोट होती:

```
Law Commission Report, 2008.
```

२००८ मध्ये लॉ कमिशनने एक रिपोर्ट दिलेला नाही, ढीगभर दिलेत. आणि वर वाक्य असं होतं, की "लॉ कमिशनने हायकोर्टाचा अधिकार कायम ठेवायची शिफारस केली." तिला अभिप्रेत असलेला रिपोर्ट याच्या बरोबर उलट बाजूचा आहे. म्हणजे फुटनोट अर्धवट होती म्हणून चूक लपली, तिच्याही नजरेतून आणि कदाचित तपासणाऱ्याच्याही.

हाच निबंध धरून सगळ्या पायऱ्या सांगते. विषय: ट्रायब्युनलच्या निकालावर हायकोर्टाकडे जाता यावं का, आणि ट्रायब्युनल्सचा कारभार कोणाच्या हातात असावा. केस अर्थातच एल. चंद्र कुमार, (१९९७) ३ एससीसी २६१, ज्यात कोर्टाने सांगितलं की ट्रायब्युनलचे निर्णय हायकोर्टाच्या डिव्हिजन बेंचसमोर तपासले जाऊ शकतात.

## ० लिहायला बसायच्या आधी

दोन गोष्टी हातात असू दे. एक, तुमच्या कॉलेजने कुठली सायटेशन स्टाइल सांगितली आहे ते लेखी. आपल्याकडे बहुतेक वेळा आयएलआय म्हणजे इंडियन लॉ इन्स्टिट्यूटची किंवा ब्लूबुक सांगतात, काही ठिकाणी ऑस्कोला. तोंडी "कुठलीही चालेल" असं सांगितलं असेल तर एक निवडा आणि शेवटपर्यंत तीच. निम्म्या फुटनोट एका स्टाइलच्या, निम्म्या दुसऱ्या, हे वाचणाऱ्याला पहिल्या पानावरच दिसतं.

दुसरं, मूळ पीडीएफ. ब्लॉगवरचा सारांश नको, कोचिंगच्या नोट्स नकोत, वर्तमानपत्रातली बातमीही नको. लॉ कमिशनचे रिपोर्ट `lawcommissionofindia.nic.in` वर आहेत, संसदीय समित्यांचे `sansad.in` वर, आणि ब्रिटनचे सरकारी पेपर `gov.uk` वर नाहीतर त्यांच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये सापडतात. डाउनलोड केल्या केल्या फाइलचं नाव बदला, कारण ह्या साइटवरून येणाऱ्या फाइलची नावं नुसते आकडे असतात आणि आठवड्याने त्यातली कुठली कुठली ते कळत नाही. मी `LCI-215-Dec2008.pdf` असं ठेवते.

तपासा: ज्या रिपोर्टची फुटनोट देणार त्या प्रत्येकाची पीडीएफ फोल्डरमध्ये आहे ना? नसेल तर तो रिपोर्ट तुम्ही वाचलेला नाही, आणि मग त्याची फुटनोट वेगळ्या प्रकारे द्यावी लागते, ते पुढे पायरी ३ मध्ये येईल.

## १ हातातला कागद नक्की काय आहे ते ओळखा

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो, म्हणून इथे जरा थांबते.

लॉ कमिशन ऑफ इंडियाचा रिपोर्ट म्हणजे नंबर असलेला रिपोर्ट. कव्हरवर शीर्षक, रिपोर्ट नंबर, महिना आणि वर्ष असतं, आत अध्यक्षांचं मंत्र्यांना पत्र असतं. पण कमिशन कन्सल्टेशन पेपरही काढतं. ३१ ऑगस्ट २०१८ चा कौटुंबिक कायद्याच्या सुधारणांवरचा कागद हा कन्सल्टेशन पेपर आहे, त्याला रिपोर्ट नंबर नाही, तरी मुलं सर्रास "लॉ कमिशन रिपोर्ट" म्हणून देतात. कन्सल्टेशन पेपरमध्ये कमिशन मत मागवत असतं किंवा चर्चा मांडत असतं, अंतिम शिफारस नसते. फुटनोटमध्ये तो शब्द तसाच लिहा.

संसदीय समितीचा रिपोर्ट वेगळा. इथे लेखक समिती आहे, सरकार नाही. आपल्या निबंधासाठी कामाची समिती म्हणजे कार्मिक, सार्वजनिक तक्रारी, कायदा आणि न्याय यावरची विभागसंलग्न स्थायी समिती. ती राज्यसभा सचिवालयाच्या अखत्यारीतली आहे, आणि ह्याचा थेट परिणाम नंबरवर होतो. राज्यसभेकडच्या समित्यांचे नंबर सलग वाढत जातात, तर लोकसभेकडच्या समित्यांचे नंबर प्रत्येक नवीन लोकसभेबरोबर पुन्हा १ पासून सुरू होतात. म्हणून "अर्थ समितीचा तिसावा रिपोर्ट" एवढंच लिहिलंत तर तो कुठल्या लोकसभेतला हे कोणालाच कळणार नाही. लोकसभेच्या समितीचा रिपोर्ट असेल तर "सोळावी लोकसभा" वगैरे लिहायलाच हवं.

श्वेतपत्रिकेचं सगळ्यात फसवं आहे. ब्रिटनमध्ये श्वेतपत्रिका म्हणजे सरकारचं धोरण मांडणारा कागद, त्याच्या आधी चर्चेसाठी ग्रीन पेपर येतो. भारतात मात्र हा शब्द सैल वापरतात. मे २०१२ ची काळ्या पैशावरची श्वेतपत्रिका अर्थ मंत्रालयाची आहे, म्हणजे सरकारची. पण नोव्हेंबर २०१७ ची डेटा प्रोटेक्शनवरची श्वेतपत्रिका न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीची आहे, आणि ती लोकांचं मत मागवण्यासाठी काढली होती. समितीचा खरा रिपोर्ट जुलै २०१८ चा. आता कोणी २०१७ च्या कागदावरून "सरकारचं धोरण असं आहे" लिहिलं तर दोन चुका एका वाक्यात झाल्या, कारण तो सरकारचा नाही आणि ते धोरणही नाही.

सावधान: कव्हरवर "व्हाइट पेपर" छापलंय एवढ्यावर जाऊ नका. कोणी काढला आणि कशासाठी काढला हे पहिल्या दोन-तीन पानांत लिहिलेलं असतं, ते वाचा.

## २ कव्हरवरून माहिती उतरवून घ्या

एक साधा तक्ता करा, वहीत केलात तरी चालेल. प्रत्येक कागदासाठी: संस्था, पूर्ण शीर्षक जसंच्या तसं, नंबर, महिना आणि वर्ष, कोणाला सादर केला. हे सगळं पीडीएफच्या कव्हरवरून घ्यायचं, वेबसाइटच्या यादीवरून नाही, कारण यादीत शीर्षक तोडलेलं असतं आणि तारीख कधीकधी अपलोडची असते.

आपल्या निबंधापुरतं असं दिसेल: लॉ कमिशनचा २१५ वा रिपोर्ट, डिसेंबर २००८, विषय एल. चंद्र कुमारचा निकाल मोठ्या बेंचने पुन्हा बघावा. लॉ कमिशनचा २७२ वा रिपोर्ट, ऑक्टोबर २०१७, ट्रायब्युनल्सच्या कायदेशीर चौकटीचं मूल्यमापन. स्थायी समितीचा ७४ वा रिपोर्ट, फेब्रुवारी २०१५, ट्रायब्युनल्सच्या सेवाशर्तींवरच्या २०१४ च्या विधेयकावर. आणि ब्रिटनची २००४ ची श्वेतपत्रिका, नंबर `Cm 6243`.

संसदीय रिपोर्टच्या कव्हरवर इंग्रजी महिन्याबरोबर शक वर्षही छापलेलं असतं. फेब्रुवारी २०१५ म्हणजे शके १९३६, आणि हे "१९३६" फुटनोटमध्ये आलेलं मी स्वतः पाहिलंय. शिवाय तिथे दोन तारखा असू शकतात, एका सभागृहात सादर केल्याची आणि दुसऱ्याच्या पटलावर ठेवल्याची. बऱ्याचदा त्या एकच असतात, वेगळ्या असतील तर ज्या सभागृहाची समिती त्याची तारीख घ्या.

अध्यक्षाचं नाव लेखक म्हणून लिहू नका. "जस्टिस चौहान रिपोर्ट" असं बोलताना आपण म्हणतो, २७२ व्याचे अध्यक्ष बी. एस. चौहान होतेच, पण रिपोर्ट कमिशनचा असतो आणि शोधणारा नंबरने शोधतो.

## ३ नेमका पॅरा पकडा

नुसता रिपोर्ट नंबर देणं म्हणजे मुंबईत राहतो असं पत्त्यात लिहिण्यासारखं आहे. पॅरा नंबर हवाच. लॉ कमिशनच्या रिपोर्टमध्ये साधारण ५.३, ५.४ असे पॅरे असतात, म्हणजे प्रकरण आणि त्यातला पॅरा. पॅरा नंबर असेल तर पान नंबर द्यायची गरज नाही. पॅऱ्यांना नंबर नसतील, जुन्या स्कॅन केलेल्या रिपोर्टमध्ये असं होतं, तर पान द्या, पण छापलेलं पान. पीडीएफ वाचणारं सॉफ्टवेअर वर जो आकडा दाखवतं तो कव्हर आणि अनुक्रमणिका धरून असतो, त्यामुळे छापील पान २० ला स्क्रीनवर २८ दिसू शकतं.

आता न वाचलेल्या रिपोर्टचं. समजा लॉ कमिशनचं एक वाक्य तुम्हाला सुप्रीम कोर्टाच्या निकालात सापडलं. प्रामाणिक मार्ग दोनच आहेत. मूळ रिपोर्ट उघडून तो पॅरा वाचा आणि रिपोर्टची फुटनोट द्या, किंवा मूळ सापडतच नसेल तर निकालाची फुटनोट देऊन तिथे "अमुक रिपोर्ट, अमुक निकालात उद्धृत" असं स्पष्ट लिहा. निकालातून उचलून रिपोर्टची फुटनोट देणं धोक्याचं आहे, कारण कोर्टाने मधली वाक्यं गाळलेली असू शकतात, आणि कधीकधी कोर्ट सांगत असतं वकिलाने काय वाचून दाखवलं ते, स्वतः काय मान्य केलं ते नव्हे.

## ४ तो पॅरा कोणाचा आवाज आहे?

ही पायरी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, आणि बहुतेक जण ही गाळूनच टाकतात.

समितीचा रिपोर्ट उघडा. पहिले बरेच पॅरे विधेयकाची माहिती देतात. मग विभागाच्या सचिवांनी समितीपुढे काय सांगितलं ते येतं. मग इतर साक्षीदार. मग समितीचं स्वतःचं मत, जे बऱ्याच रिपोर्टमध्ये ठळक अक्षरांत छापतात. शेवटी असलीच तर सदस्यांची मतभेद टिपणं, आणि बैठकांची इतिवृत्तं. आता सर्चमध्ये "नॅशनल ट्रायब्युनल्स कमिशन" टाकून जो पहिला पॅरा आला तो उचललात, तर तो साक्षीदाराचा असू शकतो. तो "समितीने म्हटलं" म्हणून लिहिला की ती सरळसरळ चुकीची माहिती झाली, फुटनोटचा फॉरमॅट कितीही सुबक असला तरी.

ओळखायचं कसं? पॅऱ्याचं पहिलं वाक्य वाचा. "समितीचे मत आहे", "समिती शिफारस करते" अशा अर्थाचं असेल तर समितीचा. "विभागाने सांगितले", "साक्षीदाराने निवेदन केले" असेल तर त्यांचा. वाक्यच मध्ये तुटलेलं वाटलं तर वरचे दोन पॅरे वाचा, बऱ्याचदा एकाच साक्षीदाराचं म्हणणं चार-पाच पॅरे चालतं आणि नाव फक्त पहिल्यात असतं.

मतभेद टिपण वापरायला काहीच हरकत नाही, उलट निबंधात ते छान वाटतं, फक्त फुटनोटमध्ये "मतभेद टिपण" आणि सदस्याचं नाव लिहा. २०११ च्या लोकपाल विधेयकावरच्या ४८ व्या रिपोर्टला अशी मतभेद टिपणं जोडलेली आहेत, त्यामुळे तो रिपोर्ट वापरणाऱ्यांनी खास लक्ष ठेवा.

लॉ कमिशनच्या रिपोर्टमध्येही हेच. मधली प्रकरणं जुने निकाल, परदेशी कायदे, आधीच्या रिपोर्टचा आढावा यांनी भरलेली असतात. शिफारसी शेवटच्या प्रकरणात. आढाव्यातलं वाक्य शिफारस म्हणून देऊ नका.

आणि श्वेतपत्रिकेत आणखी एक गंमत आहे. २००४ च्या ब्रिटिश श्वेतपत्रिकेच्या मागे सर अँड्र्यू लेगॅट यांचा २००१ चा ट्रायब्युनल्सवरचा रिपोर्ट होता. एकत्रित ट्रायब्युनल व्यवस्थेची कल्पना लेगॅट यांनी मांडली, सरकारने ती श्वेतपत्रिकेत घेतली आणि पुढे २००७ चा कायदा आला. म्हणून कल्पना कोणाची विचारलं तर लेगॅट, सरकारने काय ठरवलं विचारलं तर श्वेतपत्रिका. दोन्ही फुटनोट वेगळ्या.

तपासा: प्रत्येक फुटनोटजवळ पेन्सिलने एक अक्षर लिहा, "स" समिती, "वि" विभाग, "सा" साक्षीदार, "म" मतभेद. लिहिता येत नसेल तर पॅरा पुन्हा वाचा.

## ५ आधी वाक्य दुरुस्त करा, मग फुटनोट

आता त्या निबंधातल्या वाक्याकडे परत. तिने लिहिलं होतं की लॉ कमिशनने हायकोर्टाचा अधिकार कायम ठेवायची शिफारस केली, आणि खाली २००८. आम्ही दोघींनी मोबाइलवर २१५ वा उघडला. शीर्षकच सांगतं, चंद्र कुमार मोठ्या बेंचने पुन्हा बघावा. म्हणजे ट्रायब्युनलनंतर हायकोर्टाचा जो टप्पा चंद्र कुमारने आणला त्याचाच फेरविचार व्हावा, आणि ते होत नसेल तर ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ट्रायब्युनल्स ॲक्ट, १९८५ मध्येच बदल करावेत, अशी ती दिशा. मग २७२ वा उघडला. त्यात ट्रायब्युनलच्या किंवा त्याच्या अपिलीय मंचाच्या अंतिम आदेशाला त्या भागातल्या हायकोर्टाच्या डिव्हिजन बेंचसमोर आव्हान देता यावं असं म्हटलंय. तिच्या डोक्यात २७२ व्याचं म्हणणं होतं आणि हाताने २००८ लिहिलं गेलं, कारण नोट्समध्ये दोन्ही एकाच ओळीत "लॉ कमिशन ऑन ट्रायब्युनल्स" म्हणून होते.

वाक्य मग असं झालं: "लॉ कमिशनची भूमिका एकसारखी राहिलेली नाही, २००८ मध्ये कमिशनने चंद्र कुमारच्या फेरविचाराची शिफारस केली तर २०१७ मध्ये डिव्हिजन बेंचकडे जाण्याचा मार्ग ठेवायला सांगितलं." दोन दाव्यांना दोन फुटनोट. आणि बघा, निबंधाला एक खरा मुद्दा मिळाला, नऊ वर्षांत कमिशनचा रोख का बदलला हा. दोन्ही रिपोर्ट एकाच फुटनोटमध्ये कोंबले असते तर हा मुद्दा तिला दिसलाच नसता.

क्रियापद सांभाळा. कोर्ट ठरवतं, निर्णय देतं. कमिशन आणि समिती शिफारस करतात, सुचवतात, निरीक्षण नोंदवतात. सरकार श्वेतपत्रिकेत धोरण मांडतं, प्रस्ताव ठेवतं. इंग्रजीत निबंध लिहिणारे कमिशनला सर्रास `held` लावतात, तो शब्द फक्त कोर्टासाठी ठेवा. यातला कुठलाही रिपोर्ट बंधनकारक नाही, आणि क्रियापद चुकलं की तपासणाऱ्याला वाटतं तुम्हाला हे माहीतच नाही.

कोणी विचारतं की समितीचा रिपोर्ट कोर्टात चालतच नाही ना, मग निबंधात कशाला? चालतो. कल्पना मेहता, (२०१८) ७ एससीसी १ मध्ये घटनापीठाने सांगितलं की स्थायी समितीच्या रिपोर्टचा कायद्याचा अर्थ लावायला आधार घेता येतो, पण त्या रिपोर्टची वैधता कोर्टात आव्हानित करता येत नाही. तेव्हा समितीच्या रिपोर्टवर टीका करणारा निबंध लिहा की, फक्त "कोर्टाने तो रद्द करायला हवा" असं लिहू नका.

## ६ फुटनोट टाइप करा

निबंध मराठीत असला तरी रिपोर्टचं शीर्षक इंग्रजीतच, कव्हरवर आहे तसं ठेवा. भाषांतर केलंत तर शोधणाऱ्याला काही सापडणार नाही.

लॉ कमिशन, आयएलआयच्या पद्धतीने:

```
Law Commission of India, "215th Report on L. Chandra
Kumar be revisited by Larger Bench of Supreme Court"
(December, 2008), para __.
```

समिती:

```
Department-Related Parliamentary Standing Committee on
Personnel, Public Grievances, Law and Justice, "74th Report
on the Tribunals, Appellate Tribunals and Other Authorities
(Conditions of Service) Bill, 2014" (Rajya Sabha
Secretariat, February, 2015), para __.
```

लांब आहे, हो. पण पहिल्यांदा पूर्णच लिहायची, नंतर छोटी करता येते. नाव मनाने "पार्लमेंटरी कमिटी ऑन लॉ" असं छाटू नका.

ब्रिटिश श्वेतपत्रिका, ऑस्कोलाच्या पद्धतीने:

```
Department for Constitutional Affairs, Transforming Public
Services: Complaints, Redress and Tribunals (Cm 6243, 2004)
para __.
```

ऑस्कोलात शीर्षक तिरक्या अक्षरांत येतं, आयएलआयमध्ये अवतरणात. रिकाम्या जागी पॅरा तुम्ही स्वतः पीडीएफ उघडून भरायचा, दुसऱ्याच्या निबंधातून नाही.

त्या `Cm` वर दोन शब्द. ब्रिटनमध्ये सरकारने संसदेपुढे ठेवलेल्या कागदांच्या मालिका बदलत गेल्या: १९१९ ते १९५६ `Cmd`, १९५६ ते १९८६ `Cmnd`, १९८६ ते २०१८ `Cm`, आणि २०१९ पासून `CP`. प्रत्येक मालिकेत नंबर पुन्हा पहिल्यापासून. ट्रायब्युनल्सवरचा १९५७ चा फ्रँक्स समितीचा रिपोर्ट `Cmnd 218` आहे, तुम्ही `Cm 218` लिहिलंत तर तो दुसराच कुठला तरी कागद झाला. वर्ष आणि मालिका जुळतात का एवढं बघितलं तरी ही चूक पकडता येते. आणि फ्रँक्सला श्वेतपत्रिका म्हणू नका, कमांड पेपर आहे म्हणून तो श्वेतपत्रिका होत नाही, तो समितीचा रिपोर्ट आहे.

इंग्लंड आणि वेल्सचं लॉ कमिशन पण वेगळं आहे, हे विसरू नका. त्यांचा सार्वजनिक संस्थांकडून नागरिकाला दाद मिळण्यावरचा २०१० चा रिपोर्ट असा येतो:

```
Law Commission, Administrative Redress: Public Bodies and
the Citizen (Law Com No 322, HC 6, 2010) para __.
```

इथलं `HC` म्हणजे हाउस ऑफ कॉमन्स. एका मुलाने निबंधात ते हायकोर्ट म्हणून वाचलं आणि पुढचा अख्खा पॅरा हायकोर्टाच्या निकालावर लिहिला होता.

सावधान: भारताच्या आणि इंग्लंडच्या कमिशनची फुटनोट एकाच निबंधात असेल तर भारताच्या वेळी `of India` कधीही गाळू नका, छोट्या फुटनोटमध्येही.

## ७ रिपोर्टनंतर काय झालं ते बघा

२०१५ चा समितीचा रिपोर्ट २०१४ च्या विधेयकावर आहे. त्यात ट्रायब्युनल्ससाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाची शिफारस आहे, पण त्यानंतर फायनान्स ॲक्ट, २०१७ आला, रोजर मॅथ्यूचा निकाल आला, (२०२०) ६ एससीसी १, आणि मग ट्रायब्युनल्स रिफॉर्म्स ॲक्ट, २०२१. निबंधात "समितीने शिफारस केली आहे" असं वर्तमानकाळात लिहून थांबलात तर वाचणाऱ्याला वाटतं सगळं अजून तिथेच आहे. एक वाक्य जोडा, पुढे कायदा कुठे गेला याचं, आणि त्याला त्याची स्वतःची फुटनोट.

समितीच्या बाबतीत ॲक्शन टेकन रिपोर्ट आहे का तेही शोधा. समित्या त्यांच्या शिफारसींवर सरकारने काय केलं याचा वेगळा रिपोर्ट काढतात, त्याला वेगळा नंबर असतो. विधेयकांवरच्या रिपोर्टच्या बाबतीत मात्र उत्तर बहुतेक वेळा अंतिम कायद्यातच शोधावं लागतं, कलमाला कलम लावून.

## ८ पुन्हा येणाऱ्या फुटनोट, सगळ्यात शेवटी

निबंध लिहीत असताना `Ibid` आणि `Supra note 4` लावत बसू नका. मध्ये एक फुटनोट घुसली की ४ ची ५ होते, पण तुम्ही हाताने टाइप केलेलं "४" तसंच राहतं, आणि मग चंद्र कुमारची फुटनोट काळ्या पैशाच्या श्वेतपत्रिकेकडे बोट दाखवते. लिहिताना छोटं खूणनाव ठेवा, "LCI 215, para" एवढं, आणि मजकूर पक्का झाल्यावर बदला.

वर्डमध्ये फुटनोट `Alt+Ctrl+F` ने टाका, हाताने वर आकडा करून नको. मागच्या फुटनोटचा नंबर `References` मधल्या `Cross-reference` ने घातलात तर तो नंतर अपडेट करता येतो. फक्त एक अडचण आहे, मुख्य मजकुरात `Ctrl+A` केलं तर फुटनोटमधला मजकूर निवडला जात नाही, त्यामुळे खालच्या एखाद्या फुटनोटमध्ये क्लिक करून तिथे `Ctrl+A` आणि मग `F9` दाबावं लागतं. हे न केल्यामुळे अगदी तयार निबंधातही जुने नंबर राहिलेले दिसतात.

`Ibid` फक्त लगेच वरच्या फुटनोटमध्ये एकच कागद असेल तेव्हाच. वरच्या फुटनोटमध्ये २१५ आणि २७२ दोन्ही असतील तर `Ibid` कोणाचा? तिथे पुन्हा छोटं नाव लिहा. ऑस्कोलावाले `Supra note` ऐवजी `(n 4)` लिहितात, स्टाइल मिसळू नका.

शेवटची तपासणी मी नेहमी दुसऱ्याच्या हातून करून घेते. लायब्ररीत शेजारी बसलेल्या मैत्रिणीला, जिने तुमचा निबंध वाचलेला नाही, फक्त तीन फुटनोट कागदावर लिहून द्या आणि मोबाइलवर तो पॅरा शोधायला सांगा. त्या दिवशी तलावपाळीवर आम्ही हे तिथेच केलं, बाजूच्या बाकावर तिचीच वर्गातली एक बसली होती. २१५ आणि २७२ तिला दोन मिनिटांत सापडले, ७४ वा सापडेना, कारण फुटनोटमध्ये "राज्यसभा सचिवालय" राहून गेलं होतं आणि ती लोकसभेच्या समित्यांच्या यादीत शोधत बसली होती.